एक्झिट इंटरव्ह्यूतलं मोकळं बोलणं एचआरला लेखी कसं द्यायचं?

मुक्तछंदा
मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईची आहे. आमच्याकडे सोडून जाणाऱ्या माणसाचा एक्झिट इंटरव्ह्यू त्याच्या साहेबाने न घेता दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी घ्यायचा अशी पद्धत आहे, यावेळी माझी पाळी आली. ग्राहक तक्रारींच्या टीममधला मुलगा, ११ जणांची टीम, तीन वर्षं काम केलं. चाळीस मिनिटं छान बोलला, अगदी गप्पा मारल्यासारखा. माझ्या वहीत त्याची ही चार वाक्यं आहेत, बाकी इकडचं तिकडचं.

"रोस्टर कधी येईल देवालाच ठाऊक."
"मी काय चुकतोय ते मला वर्षातून एकदाच कळतं."
"साहेबांचे लाडके ठरलेले आहेत."
"तिकडे पैसे बरे देतायत, बाकी तसं काही नाही."

यावरून मी एचआरला लिहून दिलं: "टीममध्ये संवादाचा व नियोजनाचा अभाव जाणवतो. पक्षपाताची भावना आहे. वेतन बाजारभावापेक्षा कमी." एचआरने परत पाठवलं, म्हणे यावर आम्ही करायचं काय. मला राग आला पण वाचून बघितलं तर त्यांचं बरोबर वाटलं, हे कुठल्याही टीमबद्दल खपलं असतं. मुलगा खरंच कळकळीने बोलला होता आणि माझ्या कागदात त्यातलं काहीच उरलं नाही याचं वाईट वाटतंय. त्याचा शेवटचा दिवस मंगळवार. कसं लिहू?

रोखठोक
सोपं आहे. तो जे बोलला ते जसंच्या तसं अवतरणात टाका. आपण कोण त्याचे शब्द बदलणारे? "देवालाच ठाऊक" वाचून एचआरला जे कळेल ते "नियोजनाचा अभाव" वाचून कळणार नाही.

नवी_पालवी
ताई तुम्ही नोकरी सोडताय का? माझापण पुढच्या आठवड्यात एक्झिट आहे, मी तर ठरवलंय की "चांगली संधी मिळाली" एवढंच बोलायचं. कागद आणि शेवटचा पगार हातात पडेपर्यंत तोंड बंद.

मुक्तछंदा
@नवी_पालवी नाही गं, मी घेणारी आहे, सोडणारा तो. पण तू लिहिलंस ते महत्त्वाचं आहे, त्याचं "बाकी तसं काही नाही" याच भीतीतून आलं असेल का?

जुना_खांब
बावीस वर्षं एचआरमध्ये आहे, असे कागद वाचण्यातच निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

रोखठोक यांचं अर्धं पटलं. मूळ वाक्य टिपून ठेवायलाच हवं, पण ते तुमच्या वहीत. पुढे पाठवायच्या कागदात तसंच टाकलं तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ११ जणांच्या टीममध्ये बोलण्याच्या ढबीवरून माणूस लगेच ओळखू येतो. दुसरं म्हणजे वाचणारा त्या वाक्यातल्या सुरावरच अडकतो, "असं कसं बोलतो हा" यावर चर्चा होते आणि रोस्टर राहतं बाजूला.

मुक्तछंदा, तुमच्या मसुद्याचा दोष भाषेचा नाही. त्याने मत सांगितलं आणि तुम्ही त्या मताला अजून एक मोठं नाव दिलंत. "रोस्टर कधी येईल माहीत नाही" याचं "नियोजनाचा अभाव" झालं, म्हणजे तुम्ही कारणसुद्धा ठरवून टाकलंत. ते तुम्हाला माहीत आहे का? त्याला तरी माहीत आहे का? त्याला फक्त एवढंच माहीत आहे की रोस्टर उशिरा येतं.

उलट दिशेने जायचं. प्रत्येक वाक्याखाली काय घडलं होतं तिथे उतरायचं. त्यासाठी मंगळवारच्या आधी त्याला परत गाठा, दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा, "हे शेवटचं कधी झालं?" "नेहमी असंच असतं" म्हणाला तर म्हणा की नेहमीचं राहू दे, शेवटचं सांग. त्यातून तारीख, प्रसंग, किती वेळा आणि त्यामुळे काय अडलं हे आपोआप निघतं. पगाराच्या वाक्याला मात्र हा प्रश्न चालत नाही. तिथे विचारा, "दुसरीकडे बघायला सुरुवात कधी केलीस आणि त्या आठवड्यात काय झालं होतं?" का सोडतोस विचारलं की लोक नव्या नोकरीबद्दल बोलतात. शोधायला कधी लागलास विचारलं की जुन्या नोकरीबद्दल बोलतात.

रोखठोक
ढबीवरून ओळखू येतो हे मान्य. पण मग प्रसंग आणि तारीख टाकली तर जास्तच ओळखू येईल की!

जुना_खांब
बरोबर पकडलंत, तो खरा पेच आहे. आधी तिला माहिती तर मिळू दे, मग त्यावर येऊ.

मधला_माणूस
मी मॅनेजर आहे आणि या धाग्यात माझ्या बाजूचं कुणी नाही म्हणून लिहितोय. जाणारा माणूस जाता जाता बोलतो, नंतर उत्तर द्यायला तो नसतो, आणि आम्हाला वर्षभर ते वाक्य चिकटतं. "लाडके ठरलेले आहेत" हे माझ्याबद्दलही लिहिलं गेलंय. कुणी विचारलं नाही की कोण लाडके, कशात लाडके. नुसतं "पक्षपाताची भावना" असं लिहिलं की मी स्वतःचा बचावसुद्धा करू शकत नाही, कारण आरोप नक्की काय तेच कळत नाही.

आणि रोस्टरचं म्हणाल तर आमच्याकडे ते उशिरा निघायचं कारण रजेचे अर्ज मंजूर होऊन यायलाच शुक्रवार उजाडायचा. टीम लीड रात्री बसून ते करायची आणि शिव्यापण तीच खायची.

मुक्तछंदा
@मधला_माणूस हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. उद्या त्याला फोन करते.

काठावरचा
माझा अनुभव सांगतो, थोडा कडू आहे. आधीच्या नोकरीत एक्झिटला मी मनापासून सगळं सांगितलं होतं, एचआरची बाई म्हणाली हे गोपनीय राहील. दोन दिवसांनी साहेब मला केबिनमध्ये बोलावून माझीच वाक्यं मला ऐकवत होते. पुढे नव्या कंपनीने चौकशीसाठी फोन केला तेव्हा साहेब काय बोलले असतील ते मला आजही माहीत नाही, पण ती ऑफर गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, गोपनीय म्हणजे नक्की कोणाकोणापर्यंत जाणार हे आधी विचारा. मुक्तछंदा, तुम्ही त्या मुलाला काय शब्द दिला होता?

मुक्तछंदा
मी म्हणाले होते "तुझं नाव कुठे येणार नाही". आता तुमचं वाचून पोटात गोळा आलाय, कारण मी फॉर्म भरून देणार तर त्यावर नाव असणारच ना.

जुना_खांब
असा शब्द देऊच नये, कारण तो पाळणं आपल्या हातात नसतं. उद्या फोनवर आधी हेच दुरुस्त करा. त्याला स्पष्ट सांगा की एचआरकडे नावासकट नोंद राहील, विभागाकडे नावाशिवाय मुद्दे जातील, आणि टीम लहान असल्याने अंदाज बांधला जाऊ शकतो. मग त्याला ठरवू दे काय राहू द्यायचं. काही जण हे ऐकून गप्प होतात. तो त्यांचा हक्क आहे.

नवी_पालवी
मला एक विचारायचंय. मला पण एका सिनियरच्या वागण्याबद्दल बोलायचं होतं खरंतर. ते एक्झिटमध्ये सांगू का नको?

जुना_खांब
@नवी_पालवी कसलं वागणं त्यावर आहे. अंगलट येणं, घाणेरडं बोलणं, धमकी, पैशाचा घोळ असलं काही असेल तर एक्झिटच्या फॉर्मची वाट बघू नका, वेगळी लेखी तक्रार करा, तारखा घालून. फॉर्ममधलं वाक्य तक्रार म्हणून नोंदलं जाईलच याची खात्री नसते. आणि ऐकणाऱ्यानेसुद्धा असं काही कानावर आलं तर ते "सुधारणेच्या सूचना" या रकान्यात बसवू नये, ते लगेच तक्रारीच्या रस्त्याने गेलं पाहिजे. म्हणून तर सुरुवातीलाच सांगायचं असतं की काही गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही.

नवी_पालवी
नाही नाही तसलं नाही. माझ्या रिपोर्टवर स्वतःचं नाव टाकून वर पाठवतो, दोनदा झालं.

रोखठोक
मग दोन्ही रिपोर्टची नावं आणि तारखा सांगा, विशेषणं एकही नको. (बघा, मी पण शिकलो.)

मुक्तछंदा
फोन झाला!! दहा मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास बोललो. आधी नावाचं सगळं खरं खरं सांगितलं, तो दोन मिनिटं गप्प झाला, मग म्हणाला चालेल, पण लिहिलेलं मला दाखवा. आता एकेक सांगते.

रोस्टर. शेवटचं कधी विचारल्यावर त्याने टीमचा ग्रुप उघडला, रोस्टरचा फोटो तिथेच येतो त्यामुळे तारखा समोरच होत्या. नियम आहे आदल्या बुधवारपर्यंत यायला हवं. गेल्या १२ आठवड्यांत ५ वेळा शनिवारी संध्याकाळी किंवा त्यानंतर आलं, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. त्यात दोनदा त्याने घरचे कार्यक्रम रद्द केले आणि तीनदा सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेतली.

वर्षातून एकदा कळतं. याचा अर्थ मला वाटला होता त्याहून फार वेगळा निघाला. वार्षिक मूल्यमापनात त्याचा शेरा एक पायरी खाली आला, कारण दिलं की त्याने बंद केलेल्या तक्रारी परत उघडल्या जातात. त्याने ते मान्य केलं, चूक माझी होती म्हणाला. पण परत उघडलेल्या तक्रारींचा आकडा दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये असतो, तो रिपोर्ट लीडकडे जातो, टीमला दिसत नाही. म्हणजे अकरा महिने आकडा कुणाकडे तरी होता आणि ज्याला सुधारायचं होतं त्याला दिसत नव्हता.

लाडके. कोण, कशात, असं विचारलं. तर एवढंच निघालं की रविवारची सुट्टी तीन महिने त्याच दोघांना मिळत होती. का ते त्याला माहीत नाही, त्याने कधी विचारलंही नाही. बाकी काही प्रसंग त्याला सांगता आला नाही.

आणि पैसे. शोधायला कधी लागलास विचारलं तर म्हणाला मूल्यमापन झालं त्याच आठवड्यात. जास्त पगाराची ऑफर त्यानंतर चार महिन्यांनी आली. मी तर पहिल्या कागदात वेतन कमी म्हणून लिहून मोकळी झाले होते!

मधला_माणूस
रविवारचं वाचून थांबलो जरा. ते दोघं इतर दिवशी नवीन लोकांना शिकवत असतील किंवा अजून काही असेल, किंवा खरंच लाडके असतील. पण या स्वरूपात विचारलं तर त्या मॅनेजरला उत्तर देता येईल. मला असं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आकडेमोड
उत्तम धागा. पण एक शंका, हा एकच माणूस आहे. एका माणसाच्या बोलण्यावरून एचआरने धोरण बदलायचं का? आमच्याकडे पाचपेक्षा कमी लोकांची उत्तरं असतील तर विभागवार रिपोर्ट काढतच नाही, सगळी एकत्र करून वर्षाच्या शेवटी काढतो. त्याने ओळख पण झाकली जाते.

जुना_खांब
@आकडेमोड भावना आणि गुण मोजताना तो नियम चांगला आहे. पण ११ जणांच्या टीममधून पाच जण सोडून जाईपर्यंत थांबायचं म्हटलं तर निम्मी टीम रिकामी होईल.

आता रोखठोक यांच्या पेचाकडे येतो. मुक्तछंदाने आणलेल्या गोष्टी बघा. रोस्टर कोणत्या दिवशी निघालं हे सिस्टीममध्ये आहे. रविवारची सुट्टी कोणाला मिळाली हे हजेरीत आहे. महिन्याचा रिपोर्ट कोणाला जातो हे ईमेलच्या यादीत आहे. म्हणजे एचआरला त्या मुलाच्या शब्दावर विसंबायची गरजच नाही, त्याने फक्त कुठे बघायचं ते दाखवलं. एचआर सगळ्याच टीमची १२ आठवड्यांची रोस्टर काढू शकतं, तिथे "अमुक म्हणाला" हे वाक्य लागतच नाही. त्यामुळे त्याची ओळख बरीचशी झाकली जाते आणि एकाच माणसाचं मत हा आक्षेपही उरत नाही. मी कागद वाचताना आधी हेच बघतो, की यातला कुठला मुद्दा मी माझ्या नोंदींतून स्वतः तपासू शकतो. जो तपासता येत नाही तो "त्याला असं वाटलं" म्हणून वेगळा लिहावा, त्याला वस्तुस्थितीचा सदरा घालू नये.

आणि कारणाची जागा रिकामी सोडा. मधला_माणूस यांनी रजेच्या मंजुरीचं सांगितलं ना, तसं काही असू शकतं.

मुक्तछंदा
रात्री बसून लिहिलं. बघा बरं जमलंय का.

"१. रोस्टर: नियमानुसार आदल्या बुधवारी अपेक्षित. गेल्या १२ आठवड्यांपैकी ५ वेळा शनिवारी संध्याकाळी किंवा नंतर मिळाल्याचे सांगितले. परिणाम: ठरलेले कार्यक्रम रद्द करणे, ऐनवेळी आपसात शिफ्ट बदलणे. उशिराचे कारण या मुलाखतीतून कळलेले नाही. रोस्टर प्रसिद्ध झाल्याच्या तारखा सर्व टीमसाठी तपासता येतील.

२. कामाचा आढावा: परत उघडलेल्या तक्रारींचा आकडा दरमहा तयार होतो, पण तो काम करणाऱ्यापर्यंत पोचत नाही, वार्षिक बैठकीतच समजतो. सूचना: प्रत्येकाला स्वतःचा आकडा दरमहा दिसावा.

३. रविवारची सुट्टी: कोणाला द्यायची याचा निकष टीमला माहीत नाही. ती ठराविक जणांनाच मिळते असे वाटते. यापेक्षा अधिक तपशील मिळाला नाही.

४. नोकरी शोधण्याची सुरुवात वार्षिक मूल्यमापनानंतर लगेच. जास्त वेतनाची ऑफर त्यानंतर चार महिन्यांनी."

रोखठोक
मस्त! फक्त "देवालाच ठाऊक" गेलं त्याची हुरहूर लागली.

काठावरचा
४ नंबर विभागाकडे जाऊ देऊ नका. मूल्यमापनानंतर लगेच शोधायला लागला हे वाचलं की साहेबाला एका सेकंदात कळेल कोण ते. ते फक्त एचआरच्या नोंदीत.

जुना_खांब
काठावरचा यांच्याशी सहमत. आणि २ मध्ये "परत उघडलेल्या तक्रारी" याऐवजी "कामाच्या गुणवत्तेचे मासिक आकडे" लिहा, कारण तो शेरा त्यालाच मिळालाय हे लीडला माहीत आहे. मुद्दा तोच राहतो.

आकडेमोड
माझं मत अजून तेच आहे, विभागाकडे एवढ्या लवकर काहीच जाऊ नये. तो गेल्याच्या आठवड्यातच रोस्टरची चौकशी सुरू झाली तर कुणाला कळणार नाही? निदान महिनाभर थांबा.

मधला_माणूस
महिनाभराने ते थंड होतं हो. मी पाहिलंय.

नवी_पालवी
मी काल फोनवर माझ्या दोन रिपोर्टच्या तारखा काढून ठेवल्या. बोलेन की नाही अजून ठरत नाहीये, पण शेवटचा पगार कधी मिळणार ते आधी लेखी विचारणार आहे.

मुक्तछंदा
दोन आठवड्यांनी अपडेट द्यायला आले. त्याला मसुदा दाखवला होता, त्याने ३ नंबर काढायला सांगितला. म्हणाला, मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते लिहिणं बरोबर वाटत नाही, आणि त्या दोघांपैकी एक माझा मित्र आहे. मी काढला, पण मनात आहे की निकष माहीत नसणं ही खरी अडचण होतीच. बरोबर केलं की नाही कळत नाहीये.

एचआरने विभागाला काही न कळवता आधी सगळ्या टीमच्या रोस्टरच्या तारखा काढल्या. या टीममध्ये १२ पैकी ६ वेळा उशीर निघाला, म्हणजे एक तो विसरला होता, आणि अजून एका टीममध्ये ४ वेळा. दोन्हीकडे रजेच्या मंजुऱ्या गुरुवार-शुक्रवारपर्यंत रेंगाळलेल्या दिसतायत, त्याच कारणाने उशीर होतोय का ते बघतायत. मधला_माणूस, तुमची आठवण झाली. मासिक आकड्यांचं मात्र अजून काही नाही, लीड म्हणतात दरमहा दाखवलं तर लोक आकड्यासाठी काम करतील.

मधला_माणूस
लीडचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये पण. आकडा नुसता पाठवू नका, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं बसून दाखवा. अकरा जण म्हणजे पावणेतीन तास, तेवढे काढता येतात. आणि ३ नंबरचं म्हणाल तर त्याने काढायला सांगितलं म्हणून काढलात ते ठीकच. पुढच्या कुणाच्या एक्झिटला रविवारचा विषय आपणहून निघाला तर तेव्हा लिहा, तुम्ही मात्र तो काढू नका.

जुना_खांब
हो, विषय तुम्ही सुचवलात तर ते तुमचं वाक्य होईल. वही जपून ठेवा.